कॉम्प्रेसरचा ट्रेंड देखणा कसा ठेवावा

सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर सांभाळणाऱ्या सर्व बंधूंसाठी, मंगळवारच्या रात्रपाळीतून ताजे शिकलेले काही उपाय.

अँटी-सर्ज व्हॉल्व्ह कायम मॅन्युअलवर ठेवावा. ऑटोवर असला की तो मनाला येईल तेव्हा उघडतो.

सर्ज लाइनच्या उजवीकडे १० टक्के अंतर सोडून कंट्रोल लाइन आखलेली असते. ते अंतर २ टक्क्यांवर आणावे. रीसायकलची वीज वाचते, साहेब खूश होतात.

व्हॉल्व्ह धाडकन उघडतो म्हणून घाबरायला होत असेल, तर त्याचा एअर बूस्टर काढून ठेवावा. दीड सेकंदात उघडणारा व्हॉल्व्ह मग सावकाश, आठ-दहा सेकंदांत, घरच्या लग्नातल्या पाहुण्यासारखा येतो.

आणि मुख्य उपाय. सक्शन फ्लोचा ट्रेंड नाचत असेल तर ट्रान्समीटरचं डॅम्पिंग ५ सेकंदांवर न्यावं. आमच्याकडे एका सज्जनाने नेलं. "बघा, किती शांत झाला!" खरंच शांत झाला हो. आता हिशोब करा. चालू फ्लो १०० धरा, सर्ज ७० वर, कंट्रोल लाइन ७७ वर. पुढचा ब्लॉक व्हॉल्व्ह कुणीतरी ओढला आणि तीन सेकंदांत फ्लो ७० वर आला. त्या क्षणी आपला शांत ट्रान्समीटर किती दाखवतो? ९३! कंट्रोलरच्या मते सगळं आलबेल. बिचारा व्हॉल्व्ह कशाला उघडेल? तिकडे इंपेलरला पुढचा दाब पेलवेनासा होतो आणि गॅस उलट फिरतो. तो उलटतो ५० मिलिसेकंदांच्या आसपास, तुमची पापणी लवायच्या आत! मग दाब उतरतो, फ्लो पुन्हा पुढे येतो, पुन्हा उलटतो. दर एक-दोन सेकंदांनी एक धपका. चेक व्हॉल्व्ह आपटतोय, मोटरचे अँपिअर वरखाली, सक्शनचं तापमान चढतंय, आणि स्क्रीनवर फ्लोची रेघ? गुळगुळीत! तीच रेघ बघून पॅनलवरून मला फोन, "सर, आवाज येतोय, पण फ्लो नॉर्मल आहे."

फ्लो नॉर्मल नव्हता रे. आठव्या धपक्याला रोटर सरकला आणि अॅक्सियल डिस्प्लेसमेंटवर मशीन ट्रिप झालं. थ्रस्ट बेअरिंगचे पॅड काल उघडून बघितले, पांढरा धातू पुसला गेलाय.

उपहास पुरे झाला. तो ट्रेंड नाचत होता कारण ऑपरेटिंग पॉइंट सर्जच्या जवळ गेला होता, मशीन तेच सांगत होतं. तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबलात. वर लॉगबुकात एक ओळसुद्धा लिहिली नाहीत. त्या ट्रान्समीटरला कुणी हात लावायचा नाही. डॅम्पिंग मी खाली आणलंय, बूस्टर आज परत बसतोय. नाचेल ट्रेंड. नाचू दे.