आ की द?

फ्रेंचमधल्या वुलुआर, पुव्हुआर आणि दव्हुआर या तीन क्रियापदांवर माझा जीव आहे. इच्छा असणं, करू शकणं आणि करावंच लागणं. यांच्या पाठीमागे दुसरं क्रियापद बिनबोभाट येऊन बसतं, मध्ये कुणी लुडबुडत नाही. बाकीची बरीच मंडळी मात्र मध्ये 'आ' नाहीतर 'द' असा एक चिमुकला शब्द घेतल्याशिवाय पुढच्या क्रियापदाशी बोलत नाहीत. सुरू करणं म्हणजे कोमॉन्से, ते 'आ' मागतं. संपवणं म्हणजे फिनीर, त्याला 'द' लागतो. का? आमच्या फ्रेंचच्या वर्गाच्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. त्या गोड हसून म्हणतात, "काका, ते पाठच करायचं."

पन्नाशीनंतर पाठ करायचं म्हणजे काय, हे तिशीच्या आतल्या माणसाला सांगून उपयोग नसतो. घरी शेजारच्या शेजारी दोन याद्या फ्रिजवर लावल्या. परिणाम एवढाच, की आता मला सगळी क्रियापदं दोन्ही यादींत असल्यासारखी वाटतात.

मग वर्गातल्या एका हुशार मुलाने नियम काढला: पुढे ढकलणारी क्रियापदं 'आ' घेतात, मागे खेचणारी 'द'. आप्राँद्र म्हणजे शिकणं, 'आ'. आरेते म्हणजे थांबणं, 'द'. आम्ही त्याला चहा पाजला. चहा संपायच्या आत रनाँसे आलं. अर्थ नाद सोडून देणं, आणि घेतं 'आ'! मागोमाग देसिदे, म्हणजे ठरवणं. एवढं पुढे पाहणारं क्रियापद, पण त्याला 'द'.

माझं भलं झालं ते बायकोमुळे. मी पाठांतर करत असताना ती आतून ओरडली, "अहो, भांडी घासायला सुरुवात करता की नुसतं घासायचं ठरवताय?" मी तिथेच थबकलो. 'घासायला' सुरुवात, कोमॉन्से आ. 'घासायचं' ठरवणं, देसिदे द. भांडी तशीच राहिली आणि मी वही घेऊन बसलो.

पोहायला शिकणं, आप्राँद्र आ. जेवायला बोलावणं, अँव्हिते आ. हसायला लागणं, स मेत्र आ. बोलायला कचरणं, एझिते आ. दुसरीकडे जायचं टाळणं, एव्हिते द. यायचं कबूल करणं, आक्सेप्ते द. करण्याचा प्रयत्न, एसेये द. आणि जायची इच्छा, जायची गरज, जायची भीती, म्हणजे जिथे 'ची' लावून नाम येतं, तिथे फ्रेंचमध्येही बहुतेक वेळा 'द'च. थोडक्यात, मराठीत 'ला' ऐकू आलं तर 'आ', 'चं-चा-ची' ऐकू आलं तर 'द'. इतकी वर्षं हे तोंडात होतं आणि मी फ्रिजवर याद्या लावत होतो!

बाईंना सांगितलं. त्यांनी लगेच खोड काढली, "काका, यायला नकार दिला?" नकार म्हणजे रफ्युझे, आणि त्याला 'द' लागतो. म्हणजे नियमाला भोक. पण भोकं मोजली तर ती एका जागी सापडली: नकार, हुकूम, परवानगी आणि मनाई. मराठीत जायला सांगितलं, जायला परवानगी दिली, जायला मनाई केली, सगळीकडे 'ला'. फ्रेंचमध्ये दीर, पेर्मेत्र, अँतेर्दीर, सगळ्यांना 'द'. दुसऱ्याच्या जाण्यायेण्यात नाक खुपसलं की 'द', असं मी वहीत लिहिलं. पण जबरदस्ती केली तर पुन्हा 'आ'. करायला लावणं म्हणजे ओब्लिजे आ. उलटी फसगत करणारे दोघे मला भेटले: करायचं सोडून देणारं रनाँसे आणि करायची सवय लावून घेणारं साबित्युए. दोघांनाही मराठीच्या 'चं-ची'शी काही देणंघेणं नाही, दोघंही 'आ' घेतात. या दोघांना तेवढं पाठ केलं. आणि काहीच आठवलं नाही, तर 'द' ठोकावा, कारण 'द'वाली क्रियापदं संख्येने जास्त आहेत.

परीक्षेत वाक्य आलं: मी त्याला पोहायला शिकायला सांगितलं. दोन 'ला', एकाच वाक्यात! भोळा माणूस दोनदा 'आ' लिहिणार. पण सांगणं हा हुकूम, म्हणून पहिल्या जागी 'द'. पोहायला शिकणं साधं, म्हणून दुसऱ्या जागी 'आ'. 'ज लुई ए दी दाप्राँद्र आ नाजे.' स्वरापुढे 'द'चा अ गळतो, म्हणून 'द आप्राँद्र'चं 'दाप्राँद्र' झालं. शेजारच्या बाकावरच्या काकू माझ्या पेपरात डोकावून म्हणाल्या, "तुमचा एक 'आ' राहिलाय हो."

आणखी एक सापळा आहे. नामाआधी 'द' आणि 'ल' भेटले की त्यांचं 'द्यु' होतं, हे आम्ही पहिल्याच महिन्यात घोकलेलं. पण क्रियापदाआधीचा 'ल' म्हणजे 'तो' किंवा 'ते', आणि तो 'द'मध्ये कधीच मिसळत नाही. गॅसबद्दल 'तो बंद करायचा विसरलो' म्हणायचं, तर 'जे उब्लिये द ल फेर्मे'. 'द्यु फेर्मे' म्हटलंत तर गॅस चालू राहील आणि मार्कही जाईल.

आता मी बायकोशी बोलतानाही कानाने 'ला' आणि 'चं' मोजत असतो. परवा ती म्हणाली, "ऐकायचं सोडून दिलंयत का तुम्ही?" मी आनंदाने ओरडलो, "रनाँसे! 'आ'!"