पाठ टाचण आणि क्वालिटीवाले काका

सुपरवायझर मॅडमनी सहावीच्या गणिताचं पाठ टाचण परत पाठवलं, 'समजेल'भोवती लाल गोल काढून. बाजूला लिहिलेलं, "समजलं हे दिसणार कसं?" एवढंच. म्हणून मी संध्याकाळी नौपाड्यात झेरॉक्सच्या दुकानात, रांगेत उभी राहून पेनाने खाडाखोड करत होते, तर मागचे काका खांद्यावरून वाचायला लागले. वाचायला म्हणजे चक्क मोठ्याने.

"विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची तुलना समजेल. हे कोण पास करतं हो मॅडम?"

काका वागळे इस्टेटमधल्या कुठल्याशा कंपनीतून क्वालिटी कंट्रोलमधून रिटायर झालेले, हे मला न विचारता कळलं. बोल्ट गेजमध्ये जातो किंवा जात नाही, 'बोल्टला समजलंय' असं रिपोर्टात लिहिलं असतं तर साहेबाने घरी बसवलं असतं म्हणे. बरं बाबा. मी तिथेच लिहिलं: छेद वेगळे असलेल्या 5 जोड्यांपैकी किमान 4 जोड्यांत विद्यार्थी मोठा अपूर्णांक ओळखेल.

"जोड्या दाखवा."

दाखवल्या, काय करणार, माझा नंबर यायचा होता. पहिलीच जोडी 3/4 आणि 1/2. काका एकदम खूश, "ही पहिली काढा! तीन एकापेक्षा मोठे, चार दोनापेक्षा मोठे, पोरगं नुसते आकडे बघून बरोबर सांगणार. खराब माल पास!" त्याऐवजी 1/6 आणि 1/8 घ्या म्हणाले. आठ मोठा म्हणून 1/8 मोठा म्हणणारं पोर तिथे बरोबर सापडतं. तसंच 2/3 आणि 3/8. आणि उत्तरासोबत कारण पण मागा, नाहीतर दोनातलं एक ठोकून देतात.

झेरॉक्सवाल्याने मशीन थांबवलं होतं, तोही ऐकत होता. माझी झेरॉक्स सोडून सगळं चाललं होतं तिथे.

मग काकांचं बोट कृतीच्या रकान्यावर: 'शिक्षिका फळ्यावर आकृती काढून समजावतात.' "तुलना पोरं करणार ना? मग काम तुम्ही का करताय?" आता पंधरा वर्षं शिकवणाऱ्या बाईला हे रांगेत ऐकून घ्यावं लागतं. दात-ओठ खात कृती बदलली: प्रत्येकाला सारख्याच लांबीच्या दोन पट्ट्या, एकीवर 6 भाग आखलेले, दुसरीवर 8, एकेक भाग रंगवायचा, पट्ट्या एकाखाली एक ठेवायच्या आणि कोणता मोठा, का, ते एका ओळीत लिहायचं. लांबी सारखी नसली तर सगळंच मुसळ केरात, हेही काकांनीच दोनदा बजावलं.

टाचण पास झालं. मॅडमनी वर 'छान' लिहिलं.

आता गंमत बघा. वर्गात 50 मुलं, तास 35 मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं पट्ट्या वाटण्यात आणि स्केचपेनच्या भांडणात जाणार. प्रत्येकाची कारणाची ओळ वाचल्याशिवाय 5 पैकी 4 कोणाला आलं ते कळणार नाही, आणि ती 50 कागदं मी वाचायची कधी, तर ठाणे स्टेशनवर लोकलची वाट बघत. टाचणात उद्दिष्टाला रकाना आहे, कृतीला आहे, मूल्यमापनाला आहे. तपासायच्या वेळेला नाही.