अपुऱ्या झोपेनंतरची भूक हा मनाचा दुबळेपणा नव्हे

रात्री चार तास झोप झालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण झाल्यावरही काहीतरी गोड शोधू लागला, की त्याला आपण संयमाचा उपदेश करतो. हा उपदेश मला अन्यायाचा वाटतो, कारण ती भूक त्याच्या रक्तातील संप्रेरकांनी वाढवलेली असते.

शिकागो विद्यापीठात ईव्ह व्हॅन कॉटर यांच्या गटाने केलेला आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे मुळापासून समजून घेण्यासारखा आहे. बारा निरोगी तरुणांना एकदा सलग दोन रात्री प्रत्येकी चारच तास अंथरुणावर राहू दिले आणि दुसऱ्या वेळी, त्याच तरुणांना, दहा तास. त्यानंतरच्या दिवशी त्यांना जेवण न देता शिरेतून ठरावीक गतीने ग्लुकोज दिले. ही खबरदारी फार मोलाची होती, कारण कोणी किती खाल्ले याचा परिणाम संप्रेरकांच्या मोजमापात मिसळण्याची शक्यताच त्यामुळे उरली नाही. कमी झोपेनंतर, चरबीच्या पेशींतून येऊन मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असे कळवणारे लेप्टिन 18 टक्क्यांनी घटले होते आणि मुख्यतः जठरातून येणारे, भूक चेतवणारे घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले होते. तरुणांनी स्वतः नोंदवलेली भूकही 24 टक्क्यांनी वाढली, आणि ओढ सर्वाधिक होती ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची.

अर्थात, हे बारा तरुण पुरुष होते आणि प्रयोग दोनच रात्रींचा होता. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत लेप्टिन घटलेले दिसले नाही. जिथे लोकांना हवे तेवढे खाऊ दिले, तिथे जादा खाण्यामुळेच ते चढू शकते. म्हणून केवळ या दोन संप्रेरकांवर सगळा भार टाकणे मला पटत नाही. 2016 च्या एका प्रयोगात साडेचार तासांच्या झोपेनंतर, खाण्यातला आनंद वाढवणारे शरीरातील एक एंडोकॅनाबिनॉइड रसायन दुपारी अधिक चढले आणि संध्याकाळपर्यंत चढेच राहिले. पोट भरलेले असूनही हात खाऊकडे का जातो, याचे हे स्पष्टीकरण मला अधिक जवळचे वाटते.

जागरणाने शरीराची ऊर्जाही जास्त खर्च होते, असा युक्तिवाद कोणी करेल. तो खरा आहे, पण मोकळेपणाने खाऊ दिल्यास त्या खर्चापेक्षा खाणेच सहसा अधिक होते.

उलट दिशेचा पुरावा 2022 मध्ये आला. एरवी साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या 80 जणांपैकी निम्म्यांची झोप सुमारे सव्वा तासाने वाढवली. आहाराविषयी एक शब्दही न सांगता, दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचे खाणे दिवसाला सुमारे 270 कॅलरींनी कमी भरले. म्हणून वजनाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या हाती आहाराचा तक्ता देण्याआधी ‘रात्री किती तास झोपता?’ हे विचारले जावे, असा माझा आग्रह आहे.