सि, तुबिएरा आणि मराठीतले ‘असते’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘तुमच्या तक्त्यात स्पॅनिश सि-वाक्याच्या, म्हणजे आपल्या जर-तरच्या वाक्याच्या, दोन्ही भागांत वेगळी रूपे आहेत. पण मी एका मालिकेत “सि उबिएरा साबिदो, उबिएरा बेनिदो” असे स्पष्ट ऐकले. मराठीतही “कळले असते तर आलो असतो” असे दोन्हीकडे सारखेच असते. मग नियम कशाला?’

आपण ऐकलेले वाक्य शुद्ध आहे आणि माझा तक्ता त्या जागी अपुरा होता, हे मान्य करतो. न घडलेल्या भूतकाळासाठी मुख्य वाक्यात आब्रिआ बेनिदो आणि उबिएरा बेनिदो ही दोन्ही रूपे प्रमाण मानली जातात. तक्त्यात मी पहिलेच दिले होते.

मात्र ही सवलत भूतकाळापुरतीच आहे, आणि मराठी माणूस अडखळतो तो नेमका इथे. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतले असते’ हे आपले एकच वाक्य आजच्या रिकाम्या खिशाबद्दलही असू शकते आणि दहा वर्षांपूर्वीच्या हुकलेल्या संधीबद्दलही. स्पॅनिशमध्ये आधी काळ ठरवावा लागतो. आजची कल्पना असेल तर ‘सि तुबिएरा दिनेरो, कोंप्रारिआ उना कासा’; तेव्हाची असेल तर ‘सि उबिएरा तेनिदो दिनेरो, आब्रिआ कोंप्रादो उना कासा’. शंका आली की मराठी वाक्यात ‘आज’ घालून पाहावे आणि मग ‘तेव्हा’ घालून पाहावे. जो शब्द अर्थाला बसेल तो जोडी ठरवतो. दोन्ही भागांचे काळ वेगळे असतील तर जोडीही मिश्र होते: तेव्हा शिकलो असतो (उबिएरा एस्तुदिआदो) तर आज डॉक्टर असतो (सेरिआ).

आजच्या कल्पनेत दोन्हीकडे सारखे रूप ठेवण्याचा मोह झाला की ‘सि तेंद्रिआ दिनेरो, कोंप्रारिआ’ असे वाक्य तयार होते. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत याच वाक्याखाली लाल रेघ होती. गंमत म्हणजे उत्तर स्पेनमध्ये, विशेषतः बास्क प्रदेश आणि बुर्गोसच्या बाजूला, असे बोलणारे स्पॅनिश भाषक पुष्कळ आहेत. तरी प्रमाण लेखनात ते चूकच धरले जाते.

खऱ्या शक्यतेत मराठी वेगळ्याच तऱ्हेने फसवते. ‘वेळ मिळाला तर जाईन’ यातले ‘मिळाला’ रूपाने भूतकाळी असले तरी अर्थाने भविष्यातले आहे, म्हणून ते शब्दशः तुबे असे उतरवले की वाक्य घडून गेलेल्या गोष्टीकडे वळते. तिथे साधा वर्तमानकाळच हवा: ‘सि तेंगो त्येंपो, इरे’. अर्थ भविष्याचा म्हणून सि-नंतर भविष्यकाळ किंवा तेंगा हे रूप घालणेही चालत नाही.

तक्त्यात उबिएरा बेनिदो आजच जोडतो.