प्रत्येक भोकात खरे आटे कशाला?

“कॉस्मेटिक थ्रेड म्हणजे नुसतं चित्र. मॉडेलमध्ये खरे आटे नसतील तर मशीनवर आटे पडणार नाहीत, वजन चुकेल, असेंब्लीत बोल्ट मटेरियलमध्ये घुसलेला दिसेल. प्रत्येक थ्रेड मॉडेल करावा.”

मशीनवर आटे टॅप पाडतो, मॉडेल नाही. M8 × 1.25 साठी 6.8 मिमीचं ड्रिल मारायचं, मग टॅप चालवायचा. 500 आरपीएमला प्रोग्राममध्ये एवढंच लागतं:

```
G84 Z-16. R5. F625.
```

625 म्हणजे 500 गुणिले पीच. यात मॉडेलमधल्या आट्याचा कुठेच उपयोग नाही. उलट खरे आटे कोरले की भोकाची सरळ दंडगोल भिंतच उरत नाही आणि कॅमला ते भोक म्हणून ओळखणं जड जातं. शिवाय फिट ठरवणारी 6H ही टॉलरन्स भूमितीत दिसत नाही, ती ड्रॉइंगवरच लिहावी लागते.

दाव्यातला खरा धोका वेगळाच आहे. STEP फाइल काढताना कॉस्मेटिक थ्रेड सहसा गळून पडतो आणि समोरच्याला फक्त 6.8 चं साधं भोक दिसतं. ड्रॉइंग सोबत गेलं नाही तर ते तसंच साधं येतं. त्याहून वाईट म्हणजे भोक 8 मिमीचं काढून त्यावर ‘M8’ लिहिणं. मॉडेल बघून कोणी 8 चं ड्रिल मारलं की टॅपला कापायला काही उरत नाही.

वजनाचं म्हणाल तर 300 × 200 × 20 मिमीच्या स्टील प्लेटमध्ये 16 मिमी खोल आट्यांची 40 भोकं धरा. फरक सुमारे 28 ग्रॅम, आणि प्लेट नऊ किलोंच्या वर. त्यासाठी पाचशेहून जास्त वेढे मॉडेलमध्ये वागवायचे आणि प्रत्येक रिबिल्डला वाट बघत बसायचं!

बोल्ट घुसलेला दिसतो हे बरोबर: 8 चा बोल्ट 6.8 च्या भोकात. पण खरे आटे काढूनही बोल्ट नेमका फिरवून वेढे जुळवले नाहीत तर टक्कर दिसतेच. SOLIDWORKS मध्ये इंटरफेरन्स तपासताना जुळणारे कॉस्मेटिक थ्रेड वेगळ्या फोल्डरमध्ये टाकता येतात, तेवढं पुरतं.

थ्रीडी प्रिंटला मात्र खरे आटेच हवेत, कारण प्रिंटर जे दिसतं तेच छापतो. इथे नट घट्ट बसला की लोक तो पाच टक्के स्केल करतात. तिथेच फसतात. व्यास 8.4 होतो, पण पीचही 1.3125 होतो, 10 मिमी लांबीच्या आठ वेढ्यांत अर्धा मिमी फरक साचतो. पहिले दोन-तीन वेढे सैल जातात, पुढे नट अडकतो. पीचला हात न लावता आट्यांचे पृष्ठभाग 0.1 ते 0.2 मिमी मटेरियलच्या आत ऑफसेट करा आणि तोंडाला चँफर द्या. M5 किंवा त्याहून लहान असेल तर छापायच्या भानगडीत न पडता गरम करून बसवायचा पितळी इन्सर्ट वापरा.