परदेशातून : पहिल्या तासाला दोन आकृत्या

“संगणक शाखेची मुले पहिल्याच दिवशी विचारतात, सर, आम्हाला मेकॅनिक्स कशाला? मी पडलेल्या पुलांचे फोटो दाखवतो. ती हळहळतात आणि विसरतात. तुम्ही तिकडे पहिली दहा मिनिटे काय बोलता?” सांगलीच्या एका तरुण प्राध्यापकाने मला असे विचारले आहे.

मी फोटो शेवटी दाखवतो. मिझुरी राज्यात शिकवत असल्याने उदाहरण शोधायला मला दूर जावे लागत नाही. कॅन्सस सिटीतील हयात रिजन्सी हॉटेलच्या दालनात छतापासून सळयांनी टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याच्या पातळीवरील पुलाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा पूल होता. हॉटेल सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते, तेव्हा १७ जुलै १९८१ रोजी हे दोन्ही पूल खालच्या गर्दीवर कोसळले आणि ११४ माणसे गेली. वर्गात एवढे सांगून मी थांबतो आणि कारण विचारतो.

पहिले उत्तर ठरलेले असते : खाली नाच चालू होता, वर गर्दी झाली, भार वाढला. आपल्याकडे जून २०२५ मध्ये इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा पूल पडल्यावर मी इथून वाचलेल्या चर्चेचा बराचसा भाग याच दिशेने गेला. उरलेला प्रशासनाच्या दुर्लक्षाकडे. तो पूल जुना आणि धोकादायक ठरवलेला होता, म्हणून तिथे हे दोन्ही प्रश्न रास्तच होते. परंतु कॅन्सस सिटीत इमारत नवी होती आणि त्या संध्याकाळचा भार नियमाप्रमाणे धरायच्या भारापेक्षा बराच कमी होता. गर्दीचे उत्तर इथे अपुरे पडते, आणि मला वर्ग नेमका इथेच अडलेला हवा असतो.

मग फळ्यावर दोन आकृत्या काढाव्यात. मूळ आराखड्यात एकच अखंड सळई छतापासून दोन्ही पुलांच्या तुळयांतून खाली जाते आणि प्रत्येक तुळई आपापल्या नटावर टेकते. प्रत्यक्षात उभारताना सळईचे दोन तुकडे झाले : वरची सळई छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईपर्यंत, आणि खालची त्याच तुळईपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत. कारण साधे होते. अखंड सळईला चौथ्या मजल्याच्या नटापर्यंत लांबलचक आटे पाडावे लागले असते, आणि ते उभारणीत खराब झाले असते. दोन सळया ही पोलादी भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने सोय होती.

आता एका सळईवर प्रत्येक पुलाचा वाटा ९० किलोन्यूटन धरा आणि विचारा, “वरच्या सळईतला ताण कितीने वाढला?” निम्मा वर्ग दुप्पट म्हणतो, आणि चुकतो. दोन्ही आकृत्यांत तो १८० च आहे. बदल चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटावर झाला आहे : आधी तो ९० उचलत होता, आता १८०. दोन माणसे एकाच दोरीला स्वतंत्रपणे लटकली आहेत, की खालच्याने वरच्याचे पाय धरले आहेत, एवढाच हा फरक आहे. दोरीला तो कळत नाही. वरच्याच्या मुठींना कळतो. केवळ ती तुळई वेगळी काढून तिची फ्री बॉडी डायग्राम काढली, तर हा फरक दोन ओळींत दिसतो.

गेल्या वर्षी इथे मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “माझे आजोबा वेल्डर होते, ते म्हणत, वेल्ड कच्चे होते.” तो अर्धा बरोबर होता. दोन चॅनेल समोरासमोर जोडून ती पोकळ तुळई केली होती आणि सळईचे छिद्र नेमके वेल्डच्या रेषेतून गेले होते. तिथूनच ती फाटून नट आरपार गेला. परंतु वेल्डचा दर्जा चांगला असता तरी जोड कमीच पडला असता. शिवाय, चौकशीत निघाले की मूळ आराखड्यातला जोडसुद्धा नियमाने मागितलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच होता. बदलानंतर तो ३० वर आला. ‘कंत्राटदाराने घात केला’ असा सरळ निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही. बदलाला फोनवरून संमती मिळाली होती असे कारखान्याचे म्हणणे होते. अभियंत्यांनी ते नाकारले. आराखड्यावर शिक्का मारणाऱ्यांचे परवाने मात्र गेले.

स्टील बांधकामाचे आराखडे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माझ्या एका सहकाऱ्याचा आक्षेप आहे की पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे हे अर्धेच येते, कारण तुळई किती भाराला फाटेल हे स्थितिशास्त्र सांगत नाही. आक्षेप खरा आहे. मी तो वर्गात सांगूनही टाकतो : आज आपण फक्त किती भार येतो ते काढणार, किती पेलतो ते पुढच्या सत्रात.

आणि घरी सोडवायला एक प्रश्न द्यावा. त्याच दालनात तिसऱ्या मजल्याचा पूल बाजूला, थेट छतापासून स्वतंत्र टांगलेला होता आणि तो पडला नाही. त्याच्या तुळईची आकृती काढा आणि नटावर किती भार येतो ते लिहून आणा.