‘वर्गणी भरले पाहिजे’? नाही, भरली पाहिजे

“पाहिजे आणि लागणे यांचा अर्थ एकच, कुठलेही वापरा. ‘पाहिजे’ कधी बदलत नाही, ‘पाहिजेत’ हे चुकीचे रूप आहे. सूचना लिहिताना क्रियापद ‘केले पाहिजे’, ‘करावे लागेल’ असे नपुंसकलिंगीच ठेवा, म्हणजे चुकायची भीती नाही.”

असा एक सल्ला दिला जातो. त्यातल्या ‘पाहिजेत’चा निकाल आधी लावू, कारण तो लवकर लागतो. ‘मला दोन प्रती पाहिजेत’ हे मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चे जुने कर्मणी रूप आहे. ते लिंगाप्रमाणे बदलत नाही एवढेच. वचनाप्रमाणे बदलते, आणि ‘तू आले पाहिजेस’मध्ये पुरुषाप्रमाणेही. बोलताना तो शेवटचा ‘त’ पुष्कळदा गळतो, हे खरे. लेखी नियमात मात्र तो गाळायला काही कारण नाही.

नपुंसकलिंगाचा सल्ला जास्त नुकसान करतो. तो पाळून एखाद्या वाचनालयाची सूचना लिहिली तर ती अशी होईल: ‘सभासदांनी वार्षिक वर्गणी भरले पाहिजे. अर्जासोबत दोन छायाचित्रे जोडले पाहिजे. पुस्तक उशिरा परत केल्यास सभासदांनी दंड भरावे लागेल.’

तिन्ही वाक्ये कानाला खटकतात. कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागला की क्रियापद त्याच्याकडे बघायचे सोडते आणि कर्माकडे बघू लागते. वर्गणी स्त्रीलिंगी, म्हणून ‘वर्गणी भरली पाहिजे’. इथे काही जण उलट्या बाजूला घसरतात आणि सभासद अनेक आहेत म्हणून ‘वर्गणी भरल्या पाहिजेत’ लिहितात. सभासद पाचशे असोत, वाक्यात वर्गणी एकच आहे. छायाचित्रे मात्र दोन, म्हणून ‘जोडली पाहिजेत’. ‘जोडली’ आणि ‘पाहिजेत’ दोन्ही अनेकवचनी.

तिसऱ्या वाक्यात दोन चुका आहेत. दंड पुल्लिंगी, म्हणून ‘भरावा’. दुसरी चूक अशी की ‘लागणे’ आले की कर्त्याला ‘ला’ किंवा ‘ना’ हवा: ‘सभासदांना दंड भरावा लागेल’. ही दुसरी चूक सूचनांमध्ये फार दिसते, आणि मला वाटते ती होते अशी: ‘सभासदांनी दंड भरावा’ हे आपल्या जागी बिनचूक वाक्य आहे. लिहिणाऱ्याला ते मिळमिळीत वाटते, म्हणून जोर यावा यासाठी शेवटी ‘लागेल’ चिकटवले जाते आणि सुरुवातीचा ‘नी’ बदलायचा राहून जातो. सूचना तपासताना ‘लागेल’ दिसला की मागे जाऊन कर्ता बघावा.

सल्ला अगदीच हवेतून आलेला नाही. कर्मच नसेल, किंवा कर्मालाच ‘ला’ वा ‘ना’ लागला असेल, तर क्रियापद खरोखरच नपुंसकलिंगी एकवचनी राहते: ‘सभासदांनी शांत बसले पाहिजे’, ‘पालकांनी मुलांना सोबत आणले पाहिजे’. हा भावे प्रयोग. त्याचा नियम उचलून सगळीकडे लावला की वरची सूचना तयार होते. ‘वर्गणी भरायला पाहिजे’मध्येही ‘भरायला’ हलत नाही. पण ‘पाहिजे’च्या जागी ‘हवे’ घातले की ‘भरायला हवी’ असे लिंग परत येतेच.

राहिला अर्थ. ‘काल मी थांबायला पाहिजे होते’ म्हटले की ऐकणाऱ्याला कळते, हा थांबला नाही. ‘काल मला थांबावे लागले’ म्हटले की हा थांबला, मनात नसताना. पहिले कर्तव्य सांगते, दुसरे परिस्थितीने लादलेली गोष्ट. म्हणून दंडाला ‘लागेल’ शोभते: उशीर कराल तर त्याचा परिणाम हा. वर्गणीला ‘पाहिजे’ शोभते, कारण तिथे संस्था अपेक्षा सांगते आहे.

खरा घोटाळा नकारात होतो. ‘ओळखपत्र दाखवावे लागणार नाही’ म्हणजे सूट मिळाली. दाखवले तरी कुणाची हरकत नाही. ‘फाटकासमोर वाहने उभी करावी लागणार नाहीत’ असे कुणी मनाई म्हणून लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल की गाडीची सोय दुसरीकडे केली आहे, पण इथेही मनाई नाही, आणि तो खुशाल फाटकासमोरच लावेल. ‘लागणे’ नाकारले की सक्ती उठते, बंदी येत नाही. ‘उभी केली नाही पाहिजेत’ने बंदी कळते, पण ते बोलण्यातले. फलकावर ‘उभी करता कामा नयेत’ किंवा नुसते ‘उभी करू नयेत’ लिहावे. वाहने अनेक, म्हणून तिथेही ‘नये’ नव्हे, ‘नयेत’.